मदत हवी आहे: आईचा डावा हात जास्त दुखतो, डॉक्टर मात्र उजव्याचं ऑपरेशन करा म्हणतात

सायली_सांगली

आई ५६ वर्षांची. वीसेक वर्षं घरीच ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. दोन वर्षांपासून रात्री दोन-अडीचला उठते, हात झटकते, मग पुन्हा झोपते. आधी फक्त उजव्या हाताला मुंग्या यायच्या, आता डाव्यालाही येतात.

परवा एनसीव्ही, म्हणजे नसांची तपासणी झाली. दोन्ही हातांना कार्पल टनेल, म्हणजे मनगटातल्या बोगद्यात मीडियन नावाची नस चेपली आहे; उजवा ‘सिव्हिअर’, डावा ‘माइल्ड’. उजव्या हाताचे आकडे असे: मीडियन नर्व्हची मोटर लेटन्सी ७.२ मिलिसेकंद, अँप्लिट्यूड २.१ मिलिव्होल्ट, सेन्सरीपुढे ‘नो रिस्पॉन्स’. डाव्याची लेटन्सी ४.६, सेन्सरी मंद आहे पण येते. सर्जन म्हणाले, उजव्याचं ऑपरेशन लवकर करा, डाव्याला रात्री स्प्लिंट लावा.

आमचं अडलंय ते इथे. आई म्हणते, उजवा हात आता बरा आहे, रात्री झोपेतून उठवतो तो डावा. बाबा विचारतात, दुखणारा हात सोडून न दुखणारा का कापायचा? आणि तपासणीच्या खोलीत एसी जोरात होता, आईचे हात गार पडले होते. रिपोर्ट त्यामुळे चुकला असेल का?

नाना_कोथरूड

घाई करू नका. ऑपरेशन हा नेहमी शेवटचा उपाय. आमच्या हिला सहा आठवडे मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट रात्री लावला आणि त्रास पार गेला. झोपेत मनगट दुमडलं की बोगद्यातला दाब वाढतो, रात्रीचा त्रास त्यामुळेच. दोन्ही हातांना लावून बघा. आणि गार हाताने केलेली एनसीव्ही चुकतेच, ती पुन्हा करा.

मृण्मयी_के

मला सातव्या महिन्यात अगदी असंच झालं होतं, दोन्ही हात. बाळंतपणानंतर महिन्याभरात आपोआप थांबलं. काकूंच्या अंगावर सूज आहे का? मीठ कमी करून पाहा.

दादर_न्यूरो

मी बरीच वर्षं याच तपासण्या करतो. आईंना पाहिलेलं नाही, त्यामुळे निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण सायली, आधी तीन गोष्टी सांगा. सुई टोचलेली उजव्या बोटांना कळते का? बधिरपणा येतो-जातो, की दिवसभर असतो? आणि त्यांचा हात टेबलावर तळवा वर करून ठेवा, अंगठा सरळ छताकडे उभा करायला सांगा आणि तुम्ही बोटाने तो खाली दाबा. दोन्ही अंगठे सारखाच जोर लावतात का?

सायली_सांगली

आत्ताच करून पाहिलं. डावा अंगठा मला दाबता आला नाही. उजवा एका बोटाने खाली गेला. दोन्ही तळवे शेजारी ठेवले तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, उजव्या अंगठ्याखालचा फुगीर भाग चपटा झालाय, तिथे खळगा दिसतो.

बधिरपणा दिवसभर असतो. मागच्या आठवड्यात हुक लावताना तर्जनीत सुई गेली, ते तिला ब्लाउजवर रक्ताचा डाग दिसल्यावर कळलं. करंगळी चांगली आहे. अनामिकेचं मात्र विचित्र आहे: मधल्या बोटाकडची बाजू बधीर, करंगळीकडची नाही. हे ती आधी सांगत होती तेव्हा आम्हाला खरं वाटलं नव्हतं.

दादर_न्यूरो

आई अगदी बरोबर सांगत होत्या. अनामिकेची एक बाजू मीडियन नर्व्हची, दुसरी अल्नरची. अल्नर नर्व्ह त्या बोगद्यातून जातच नाही. मनगटाची हाडं म्हणजे बोगद्याचा तळ आणि वरचा जाड पट्टा म्हणजे छत. आत बोटं दुमडणाऱ्या नऊ दोऱ्या आणि त्यांच्यासोबत ही एकच नस. दोऱ्यांवरचं आवरण जाड झालं की पट्टा ताणत नाही, हाडं सरकत नाहीत, चेपली जाते ती नस. अंगठ्याखालच्या तळव्याच्या कातडीची फांदी मात्र मनगटाच्या आधीच फुटून पट्ट्याच्या वरून जाते. तिथली संवेदना चांगली असेल तर अडथळा मनगटातच आहे याला दुजोरा मिळतो. तेही पाहा.

आता बाबांचा प्रश्न. नस चेपायला लागते तेव्हा आधी तिचं आवरण बिघडतं. संदेश जातो, पण उशिरा, म्हणजे लेटन्सी वाढते. डावा हात या पायरीवर आहे, तक्रार करण्याइतकी नस जिवंत आहे. पुढे आतले तंतूच मरू लागतात. मग संदेशाची उंची, म्हणजे अँप्लिट्यूड, घटते, सेन्सरी लाट येईनाशी होते, स्नायू वाळतो. मुंग्या पाठवायलाही तंतू लागतात, ते कमी झाले म्हणून उजवा शांत वाटतो. तो बरा झालेला नाही.

नाना, स्प्लिंटबद्दल तुमचं म्हणणं डाव्या हाताला लागू आहे. बधिरपणा येतो-जातो, स्नायू भरलेला आहे, तिथे रात्रीचा स्प्लिंट सहा आठवडे द्यावाच. उतार पडला नाही तर स्टिरॉइडचं इंजेक्शन हा पुढचा पर्याय. पण अंगठ्याचा स्नायू वाळलेला आणि बधिरपणा कायमचा असताना स्प्लिंट लावून महिने काढले, तर त्या महिन्यांत आणखी तंतू जातात.

एसीची शंका मात्र योग्य आहे. गार हातात नस मंदावते, म्हणून आम्ही हात आधी गरम करून घेतो. पण गारठ्याने लेटन्सी वाढते, उंची कमी होत नाही, उलट थोडी वाढतेच. शिवाय हात गार असता तर त्याच हाताची अल्नरही मंद आली असती. रिपोर्टमध्ये अल्नरचे आकडे बघा.

सायली_सांगली

अल्नर दोन्ही हातांची ‘नॉर्मल’ लिहिली आहे. तळव्याच्या त्या भागावर कापूस फिरवला, तिला नीट कळलं.

नाना_कोथरूड

स्नायू वाळल्याचं मला माहीत नव्हतं. हिच्या रिपोर्टमध्ये तसं काही नव्हतं. तरी एकदा थायरॉइड आणि साखर तपासा, हिचा थायरॉइड त्यातच सापडला.

इचलकरंजी_६२

माझं उजव्या हाताचं झालंय, दोन वर्षांपूर्वी. हात तेवढाच बधीर केला होता, वीस मिनिटांत बाहेर. रात्रीचा त्रास त्याच आठवड्यात गेला. पण टाक्यांच्या दोन्ही बाजूंना तळवा तीन महिने ठणकायचा, खुर्चीच्या हातावर टेकून उठता यायचं नाही. बोटांची जाण हळूहळू सात-आठ महिन्यांनी आली. अंगठ्याखालचा खळगा मात्र अजून तसाच आहे. मी दीड वर्ष अंगावर काढलं होतं.

सायली_सांगली

मग आईची शिलाई? सुई ओवता येईल का परत?

दादर_न्यूरो

खात्रीने कोणीच सांगू शकणार नाही. सेन्सरी लाट पूर्ण गेलेली असताना जाण परत येते, पण किती येईल हे आधी कळत नाही. वाळलेला स्नायू भरण्याची आशा कमी. ऑपरेशन मुख्यतः उरलेलं वाचवण्यासाठी आहे, हे आईंना आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर दोन महिन्यांनी ‘फरकच नाही’ म्हणून त्या खचतील. टाके निघाल्यावर हलकी कामं, मशिनला साधारण महिना-दीड महिना. आणि सर्जनना विचारा, पट्टा पूर्ण मोकळा झालाय हे ते कसं पाहतात. शेवटचा धागा राहिला की त्रास तसाच राहतो.

सायली_सांगली

काल बाबांनीच आईचे दोन्ही तळवे शेजारी धरून पाहिले. नंतर ऑपरेशन नको असं एकदाही म्हणाले नाहीत. थायरॉइड आणि साखरेसाठी उद्या सकाळी रक्त देणार. डाव्याचा स्प्लिंट आजपासून. आई म्हणते लग्नसराईचे अकरा ब्लाउज हातात आहेत, ते संपवून मगच ऑपरेशन. तीन आठवडे लागतील. एवढं थांबलं तर चालेल का?

दादर_न्यूरो

तीन आठवड्यांनी चित्र पालटेल असं मला वाटत नाही, पण ते सर्जननाच विचारा आणि तारीख आजच घेऊन ठेवा. तोवर हुक-बटणांचं काम दुसऱ्या कोणाला द्या. त्या बोटात सुई गेली तर आईंना कळणार नाही.