मदत हवी आहे: एकाच मोठ्या कंपनीमुळे मध्यक खाली येतोय, पर्सेंटाइल कसे काढू?

अंबड-सातपूरच्या कंपन्यांचा पगार सर्व्हे हातात आहे. आमच्या प्लॅनरला प्रत्येक पदासाठी P25, P50 आणि P75 असा तक्ता हवाय. अडलंय क्वालिटी इंजिनिअरपाशी.

या पदाचे 7 कंपन्यांतले 34 जण आहेत, पण त्यातले 19 एकाच मोठ्या कंपनीतले, 28 ते 32 हजारांवर. उरलेले 15 जण 34 ते 42 हजारांत. सगळ्या 34 जणांवर PERCENTILE.INC लावलं तर P50 येतो 31,500. म्हणजे बाजाराचा नव्हे, त्या एका कंपनीचाच पगार! प्रत्येक कंपनीचा मध्यक घेऊन त्या 7 आकड्यांचा मध्यक काढला, तर 37,000. फरक साडेपाच हजारांचा.

तिसरा प्रयोग म्हणून मोठ्या कंपनीचं वजन 25 टक्क्यांवर आणलं (तिथल्या प्रत्येकाला 5/19, बाकीच्यांना 1). तेव्हा P50 36,000च्या आसपास आला.

आकडे मासिक ग्रॉसचे, एकाच महिन्याचे आहेत. ओव्हरटाइम आणि बोनस वगळलाय. ज्युनिअर-सीनिअर सरमिसळ नाही, कामाचं वर्णन जुळवून पाहिलंय. कंपन्यांची नावं झाकलेली असल्याने उलाढालीनुसार गाळता येत नाही.

आमची कंपनी 150 माणसांची. भरतीत आमची स्पर्धा अशा मोठ्या कंपन्यांशीही होते, म्हणून तिला सरळ वगळायचं मन होत नाही.

अशा वेळी तक्त्यात तुम्ही कुठला P50 देता? आणि 7च कंपन्या असताना P75 छापता, की फक्त मध्यक देऊन थांबता?