प्रतिसाद: ४८० मिग्रॅ हा दिवसाचा डोस आहे

«१२ किलोचं मूल, अमॉक्सिसिलिन ४० मिग्रॅ/किलो/दिवस, तीन वेळा विभागून. मी दर वेळी ४८० मिग्रॅ लिहिलं. गुणाकार बरोबर असून चूक का?»

कारण ४८० मिग्रॅ ही पूर्ण दिवसाची मात्रा झाली. तिचे तीन भाग केले की एका वेळी १६० मिग्रॅ. सिरप ५ मिलीत १२५ मिग्रॅचं असेल, तर ६.४ मिली. तुमच्या उत्तराप्रमाणे मुलाला दर वेळी १९.२ मिली द्यावं लागेल. हा आकडा पाहूनच थबकायला हवं. दिवसाचे होतात १४४० मिग्रॅ, म्हणजे किलोमागे १२०, सांगितल्याच्या तिप्पट. परीक्षक याला किरकोळ चूक मानत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

उलट चूकही होते. पॅरासिटामॉल १५ मिग्रॅ/किलो 'प्रति डोस' लिहिलेलं असतं. तिथे १८० मिग्रॅ हीच एका वेळची मात्रा. दिवसाचे चार डोस धरून तिला चाराने भागलं तर ४५ मिग्रॅ उरतात आणि ताप उतरत नाही.

म्हणून आकडेमोडीआधी 'दिवस' की 'डोस' हा शब्द अधोरेखित करा. शेवटी उलट ताळा घ्या: १६० गुणिले ३, भागिले १२, बरोबर ४०.