कॅश टेबलावरचा रेक महाग की टूर्नामेंटची फी?

भुसावळकर: वर्षातून तीन-चारदा पोकर खेळायला गोव्याला जाणं होतं. ५०/१०० च्या कॅश टेबलावर प्रत्येक पॉटमधून खेळवणारा ५ टक्के रेक कापतो, जास्तीत जास्त ५०० रुपये. टूर्नामेंटला ११ हजार भरावे लागतात, त्यातले १ हजार फीचे. माझ्या मते कॅश स्वस्त पडतं, मित्र उलटं म्हणतो. तुमचं मत काय?

सावद्याचा पाटील: मित्राचं खरं आहे. फी एकदाच कापली जाते, रेक प्रत्येक पॉटमधून. केळीचा तोच घड तासाभरात तीसदा विकला आणि दरवेळी आडत कापली, तर शेवटी हातात काय राहील? टेबलावर तेच होतं.

मी एकदा बसून मोजलं होतं. तासाला साधारण ३० हात होतात. काही फ्लॉपआधीच संपतात, त्यात रेक नाही. काही मोठे होतात. सरासरी हाताला १५० रुपये निघाले. म्हणजे तासाला साडेचार हजार, नऊ जणांत वाटले तर प्रत्येकी ५००. आठ तास बसलात तर ४ हजार. प्रत्येकाने १० हजार आणले असतील, तर टेबलावरच्या ९० हजारांतले ३६ हजार आठ तासांत गेले. टूर्नामेंटमध्ये त्याच नऊ जणांचे ९ हजार जातात.

धुळेकर अण्णा: पण रेक भरतो तो पॉट जिंकणारा. मी फार कमी हात खेळतो, मला कशाला लागेल? आमच्या लहानपणी गणपतीत पत्ते चालायचे, तिथेही नाल जिंकणाराच द्यायचा.

सावद्याचा पाटील: अण्णा, अर्धं बरोबर. कमी हात खेळणाऱ्याच्या वाट्याला रेक कमी येतो. पण तुमची कमाई जिंकलेल्या पॉटमधूनच येते ना? तिथेच तो कापला जातो.

एक हात सांगतो. पॉटमध्ये ५००, समोरच्याने शेवटच्या पत्त्यावर ५०० लावले. कॉल केला तर पॉट १५००. रेक नसेल तर तीनातून एकदा जिंकलात तरी बरोबरी होते. आता १५०० मधून ७५ गेले, हातात १४२५. तेवढ्यासाठी ५०० घालायचे, तर शंभरात ३५ पेक्षा थोडं जास्त वेळा जिंकावं लागेल. तुमचा अंदाज ३४ चा असेल तर रेक नसताना सरासरी १० रुपये फायदा, रेकसकट साडेपंधरा रुपये तोटा. असे निसटते कॉल रात्रभरात किती होतात, ते आठवून बघा.

म्हणून स्मॉल ब्लाइंडमधून कच्च्या पत्त्यांवर नुसतं कॉल करणं मी सोडलं. फ्लॉपआधी रेझ केल्यावर बाकी सगळ्यांनी पत्ते टाकले तर तो पॉट बिनकापलेला मिळतो. आणि मोठ्या पॉटला कमाल मर्यादेचा आधार असतो. २० हजारांच्या पॉटमधून ५०० गेले तर अडीचच टक्के. लहान पॉट जास्त असलेलं टेबल म्हणूनच सगळ्यात महाग.

चोपड्याची सून: भाऊ, तुम्ही रेक म्हणता तो टीडीएसच ना? माझ्या नवऱ्याचे ऑनलाइन जिंकलेल्यातून ३० टक्के कापले होते.

सावद्याचा पाटील: नाही ताई. टीडीएस सरकारचा, तो निव्वळ जिंकलेल्या रकमेवर, आणि रिटर्नमध्ये दाखवता येतो. रेक खेळवणाऱ्याचा असतो, तुम्ही हरून उठलात तरी त्या रात्रीचा परत येत नाही. शिवाय ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर पैशांचं ऑनलाइन पोकर बंदच आहे, त्यामुळे मी गोव्यातल्या टेबलाबद्दलच बोलतोय.

नंदुरबारचा नाना: पाटील, तुम्ही टूर्नामेंटची एकच बाजू दाखवता. मी मागच्या खेपेस तीनदा री-एंट्री घेतली. चार वेळा फी म्हणजे ४ हजार, तुमच्या आठ तासांइतकीच! वर बक्षिसं वरच्या थोड्यांनाच. दहा टूर्नामेंट रिकाम्या हाताने गेल्या तरी नवल नाही. कॅशमध्ये टेबल बिघडलं की उठता येतं.

सावद्याचा पाटील: री-एंट्रीचं मान्य, ते मी धरलं नव्हतं. चढ-उताराचंही खरं. पण तो नशिबाचा भाग, तो कापलेला पैसा नाही. फी तुम्हाला आधी कळते, चौथी भरायची की नाही तेही तुमच्या हातात. रेक किती गेला हे उठताना कोणी सांगत नाही.

भुसावळकर: मी तासाला ७००-८०० कमावतो असं धरत होतो. ते रेक जाऊन की धरून?

सावद्याचा पाटील: घरी आणलेले मोजले असतील तर रेक जाऊनच. मग तुम्ही टेबलावर खरं तर तासाला १२००-१३०० जिंकताय आणि त्यातले पाचएकशे तिथेच ठेवताय. पण किती तासांचा हिशेब लिहिलाय?

भुसावळकर: मागच्या दोन खेपांचाच. साधारण तीस तास.

नंदुरबारचा नाना: तीस तासांत काय कळणार? मला चारशे तासांनंतरही खात्री नाही.