अनुभव धागा : पोस्टला नुसते 👍 🙏 आणि 'मस्त' येतात, मग पुढं काय करता?

गोदाकाठची

मंडळी, आपण अर्धा तास बसून काहीतरी मनापासून लिहितो, फोटो शोधून टाकतो आणि खाली काय येतं, तर हात जोडलेले, अंगठे, 'छान', 'मस्त', 'वा'. लोकांना आवडलंय हे दिसतं पण गप्पा काही होत नाहीत. तुमच्यापैकी कोणी तिथून गप्पा खरंच पुढे नेल्यात का? कशा? फेसबुक ग्रुप असो, सोसायटीचा नाहीतर गावाकडचा व्हॉट्सअ‍ॅप असो, कुठलाही अनुभव चालेल. फक्त 'चांगलं लिहा म्हणजे प्रतिसाद येतो' असलं ज्ञान नको प्लीज, जे घडलं ते सांगा.

पंचवटीची मीनल

मी जुन्या नाशकाच्या फोटोंचा एक ग्रुप सांभाळते, त्यामुळे हे रोजचंच आहे. एक किस्सा नीट सांगते.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, दुतोंड्याच्या कुठवर आलं? तर मी २०१६ च्या पुराचा फोटो टाकला, दुतोंड्या मारुती आणि मागं होळकर पूल, खाली चार ओळी. 🙏 ची रांग लागली. आता चूक लोकांची नव्हती, देवाचा फोटो दिसला की माणूस हात जोडणारच, आणि माझ्या चार ओळीत विचारण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. सगळं मीच सांगून टाकलेलं.

मग मी ती रांग वाचत बसले. कोण कोण आहे ते बघितलं. त्यात एक काका होते, त्यांचं सराफ बाजारात दुकान आहे हे मला माहीत होतं. त्यांच्या 🙏 खालीच लिहिलं, "काका, त्या वर्षी तुमच्या दुकानात पाणी पायरीपर्यंत होतं की गल्ल्यापर्यंत?" उत्तर आलं, "गल्ला". एकच शब्द! पण हा शब्द 'छान'सारखा नाही ना, ह्याला पुढं शेपूट आहे. मी लगेच विचारलं, "मग माल कधी हलवला, आदल्या रात्री का पाणी आल्यावर?" त्यावर काकांनी जे लिहिलंय, की पोरांनी वह्या आणि तराजू माळ्यावर कसे चढवले, शटर पाण्याच्या दाबानं उघडेना, शेजारच्या भांडी बाजारातली पातेली रस्त्यावर तरंगत होती. ते वाचून भांडी बाजारवाले आले, मग एक आजोबा आले, ते म्हणे हे काहीच नाही, १९६९ चा पूर बघायला पाहिजे होता. तिथून दोन दिवस धागा थांबला नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की इमोजी टाकणारा माणूस दारात आलेला असतो. सगळ्यांना मिळून "तुमच्या आठवणी सांगा" म्हटलं तर कोणीच आत येत नाही, कारण ते 'सगळ्यांना' असतं, आणि आठवण सांगायची म्हणजे निबंध लिहायचा असं वाटतं. एकाला, त्याच्या नावानं, त्यालाच माहीत असेल असं आणि दोन शब्दात उत्तर देता येईल असं विचारायचं. पायरी की गल्ला. खरी गंमत दुसऱ्या प्रश्नाला येते. बहुतेक लोक पहिल्या उत्तरावर स्वतःच "अरे वा 😊" लिहून मोकळे होतात आणि तिथंच सगळं संपतं.

कॉलेजरोडचा बंटी

सोप्पंय, पोल टाका. लोकांना टाइप करायचा कंटाळा, पोलला नुसतं दाबायचं. मी मिसळीवर टाकलेला, काळा रस्सा की लाल, धडाधड मतं आली. आणि सगळ्यांना टॅग करायचं, प्रत्येक इमोजीखाली 'धन्यवाद' लिहायचं, कमेंटचा आकडा वाढला की पोस्ट वर राहते, विषय संपला.

पंचवटीची मीनल

बंटी, पोलचं अर्ध बरोबर आहे. पण तुझ्या पोलमध्ये मतं आली, गप्पा झाल्या का?

कॉलेजरोडचा बंटी

नाही 😅 मतं देऊन गेले सगळे

पंचवटीची मीनल

तेच. पोल म्हणजे पण एक इमोजीच झाला. पण व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये कोणी काय निवडलं ते नावासकट दिसतं, त्याचा फायदा घे. पन्नास जणांनी काळा रस्सा म्हटलं आणि दोघांनी लाल, तर त्या दोघांना विचार, "तुम्ही लाल कुठं खाता?" एकटा पडलेला माणूस भरभरून बोलतो बघ, त्याला बाजू मांडायची असते. आणि प्रत्येकाखाली 'धन्यवाद' लिहिलं की उलटं होतं रे, धन्यवादाला पुढं काय उत्तर देणार कोणी? पाहुणा चपला घालायला लागतो. आकडा वाढतो हे खरं, पण मधे कोणी काही कामाचं लिहिलं असेल तर ते त्या धन्यवादांच्या ढिगात गाडलं जातं.

निफाडचा मळेवाला

आमच्याकडं हा विषय गप्पांचा नाही, पैशाचा आहे. द्राक्षवाल्यांचा ग्रुप आहे आमचा, निफाड, पिंपळगाव, दिंडोरी सगळीकडचे लोक. कोणी बागेचा फोटो टाकतो आणि लिहितो "डाऊनी वाटते, फवारणी घेऊ का", खाली चार अंगठे. आता तो अंगठा म्हणजे काय समजायचं, 'घे' का 'वाचलं' का 'माझ्याकडं पण आहे'? एकानं 'घे' समजून फवारलं आणि अंगठेवाला म्हणे मी तर नुसतं बघितलं म्हणून दाबला.

तेव्हापासून आम्ही दोनतीन जण अंगठा आला की त्यालाच धरतो. "भाऊ, तुमची छाटणी कधीची, आज कितवा दिवस?" हा प्रश्न असाय की द्राक्षवाला झोपेत पण उत्तर देतो. "३२". बरं, ३२ वा दिवस म्हणजे फुलोरा तोंडावर. मग विचारायचं "पान उलटून बघितलं का, खालून पांढरं आहे का?" वरून तेलकट पिवळा डाग आणि बरोबर त्याच्याच खाली पांढरी बुरशी असंल तर डाऊनी, नाहीतर दुसरं काहीतरी. आता हे विचारल्यावर माणूस बागेत जातो, पान उलटतो, फोटो काढतो आणि मग जो फोटो येतो त्यावर ग्रुप पेटतो, कारण आता बोलायला वस्तू आली ना समोर. जाणकार लोक नुसत्या 'डाऊनी?' वर बोलत नाहीत, ते गप बसून असतात, पानाची मागची बाजू दिसली की बाहेर येतात.

अजून एक, अंगठा मेसेजवर दाबला (रिअ‍ॅक्शन) तर ते नोटिफिकेशन फक्त ज्याचा मेसेज त्याला जातं, ग्रुपमधल्या बाकीच्यांना कळत पण नाही. म्हणून दहा रिअ‍ॅक्शन आल्या तरी ग्रुप शांतच दिसतो. कोणीतरी शब्द टाइप केल्याशिवाय चॅट वर येत नाही. आम्ही म्हणून त्या माणसाचा जुना मेसेज ओढून रिप्लाय देतो, म्हणजे प्रश्न कशावर आहे ते सगळ्यांना दिसतं.

सातपूर सोसायटी

नमस्कार. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. आमच्या ग्रुपवर 'उद्या टाकी साफ होणार, पाणी ११ नंतर' असं टाकलं की साठ अंगठे येतात. हे बंद कसे करावेत? अ‍ॅडमिनशिवाय कोणी लिहू नये असं सेटिंग केलं तर लोक भांडतात.

गोदाकाठची

काका, आपला प्रश्न बरोब्बर उलटा आहे हो 😄 तुम्हाला तर तो अंगठा हवाच आहे, पाण्याची सूचना वाचली एवढंच कळायला पाहिजे. त्यावर गप्पा कशाला?

सातपूर सोसायटी

तसे असेल तर ठीक. पण साठ वेळा फोन वाजतो त्याचे काय.

निफाडचा मळेवाला

टाइप करू नका, मेसेजवर दाबून अंगठा द्या असं सांगा त्यांना. वाजलाच तर तुमचा एकट्याचा वाजंल, साठ घरांचा नाही 😀

विमलमावशी

मी वाचते सगळं पण लिहीत नाही. आता जरा राग आला म्हणून लिहिते. मी हात जोडते म्हणजे मला काही सांगायचं नाही असं नाही, मला मोबाईलवर मराठी लिहायला वेळ लागतो, वेलांटी चुकली की सुना हसतात. एकदा ह्या मीनलनीच मला विचारलं होतं की मावशी तुमच्या माहेरी संक्रांतीला काय करायचे, मी तीन दिवस विचार करत होते कसं लिहू आणि तोपर्यंत विषय पुढं गेला. मग नातवानं बोलून पाठवायचं शिकवलं. हे पण नातूच लिहून देतोय, मी बोलते. तर आम्हाला बोलून पाठवा असं सांगत जा, आणि घाई करू नका.

पंचवटीची मीनल

मावशी, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं! खरंय, वयस्कर मंडळींना मी आता "बोलून पाठवलंत तरी चालेल" असं लिहितेच. आणि त्यांचा व्हॉइस मेसेज ऐकून दोन ओळी खाली टाइप करते, कारण ऑफिसमधले लोक व्हॉइस उघडत नाहीत, मग आजोबा तीन मिनिटं बोलतात आणि त्यालाही अंगठाच येतो.

कॉलेजरोडचा बंटी

पण मला हे पटत नाहीये की प्रत्येकाला असं पकडून विचारायचं. काही लोकांना नुसतंच 👍 द्यायचं असतं. माझ्या एका मित्राला ग्रुपमध्ये नाव घेऊन विचारलं तर तो ग्रुप सोडून गेला, म्हणे मला सगळ्यांसमोर उभं केलं.

पंचवटीची मीनल

मान्य. एकदा विचारलं आणि परत इमोजीच आला तर दुसऱ्यांदा मी नाही विचारत. कोणी गेल्याची पोस्ट असेल तर अजिबात नाही, तिथं 🙏 हेच पूर्ण उत्तर असतं, त्याच्याखाली "तुमची त्यांच्याशी ओळख कशी?" विचारणारे महाभाग पण बघितलेत मी.

गोदाकाठची

बुजऱ्या लोकांना पर्सनलवर विचारलं तर?

निफाडचा मळेवाला

आम्ही केलंय. पर्सनलवर भरपूर बोलतात, पण मग ते ज्ञान तिथंच राहतं आणि ग्रुपवर परत अंगठे. तिथलं उचलून ग्रुपवर टाकायचं तर त्याला विचारावं लागतं, आणि विचारलं की निम्मे नको म्हणतात.

पंचवटीची मीनल

मला पर्सनलवाला मार्ग चाललाय. "काकांनी मला सांगितलं, पण पुढचं ते स्वतः सांगतील" असं त्यांच्या परवानगीनं टाकलं की ते येतात.

निफाडचा मळेवाला

ताई, तुमचे काका पुराच्या गोष्टी सांगतात. आमच्या इथं कोणी बागेत रोग आलाय हे चारचौघात कबूल करत नाही, व्यापारी पण त्याच ग्रुपमध्ये असतो ना.

गोदाकाठची

हा मुद्दा डोक्यातच नव्हता आला. म्हणजे अंगठा देणारा कधीकधी मुद्दाम अंगठाच देतो. अजून कोणाच्या ग्रुपमध्ये असं आहे का, की लोकांना माहिती आहे पण कोणासमोर लिहायचं म्हणून गप्प आहेत? बँकवाले, शिक्षक, कोणी?

सातपूर सोसायटी

मेंटेनन्स थकल्याची यादी टाकली की आमच्याकडे एकही अंगठा येत नाही.