मदत हवी आहे: व्याकरण सुधारावे, पण निबंध तिचाच राहावा

घरी हिंदी बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीसाठी मराठीत लिहिलेला निबंध मी तपासत आहे. ‘पाऊस आला की आमचा घर आधी आईच्या पातेल्यात गळतो’ या तिच्या वाक्यात, हिंदीत ‘घर’ पुल्लिंगी असल्यामुळे झालेली चूक मी ‘आमचे घर’ आणि ‘गळते’ एवढ्यापुरती दुरुस्त केली. त्याजागी ‘घरची परिस्थिती हलाखीची आहे’ असे लिहावे, ही एका सहकाऱ्यांची सूचना मला पटली नाही, कारण ते पातेले तिने स्वतः पाहिलेले आहे.

अडचण पुढच्या वाक्याची आहे: ‘बाबा गप्प राहून माझ्याशी सांगतात, शिक.’ ‘माझ्याशी’चे ‘मला’ करावेच लागेल. परंतु ‘गप्प राहून सांगतात’ ही चूक समजावी की तिची शैली? अशा जागी आपण स्वतः बदल करता, की समासात प्रश्न लिहून निर्णय लेखिकेवर सोपवता?