मदत हवी आहे: खरेदीखताआधी वीज आणि पाण्याची थकबाकी निघाली, विक्रेत्याला मेसेज कसा लिहू?

शेवंती

नमस्कार मंडळी. आम्ही एक स्वतंत्र घर घेतोय, तळमजला आणि वर दोन खोल्या. किंमत ६२ लाख ठरली. साठेखत नोंदवून झालंय, तेव्हा ९ लाख दिले. बँकेचं कर्ज साडेएकोणपन्नास लाखांचं मंजूर आहे आणि आमच्या खिशातले साडेतीन लाख खरेदीखताच्या दिवशी द्यायचे राहिलेत. पुढच्या आठवड्यात नोंदणी आहे.

काल घर मोजायला गेलो तेव्हा जिन्याखालचा मीटरचा बोर्ड नीट पाहिला. जागा दोन मीटरची, पण मीटर एकच. दुसऱ्या जागी नुसती स्क्रूची भोकं आणि बाजूला खडूने लिहिलेला जुना ग्राहक क्रमांक. तो क्रमांक वीज कंपनीच्या ॲपमध्ये टाकला तर कनेक्शन कायमचं खंडित झालेलं आणि व्याजासह ३१,४६० रुपये थकीत! वरच्या खोल्यांत पूर्वी भाडेकरू होते, त्यांच्या वेळचं आहे म्हणे. शिवाय तळमजल्याचं चालू बिल ४,१८० आणि तीन वर्षांची पाणीपट्टी दंडासकट १७,२२०. एकूण ५२,८६०.

विक्रेते निवृत्त शिक्षक आहेत, स्वभावाने फार चांगले. संबंध बिघडवायचे नाहीत, पण ही रक्कम आमच्या अंगावर यायला नको. मी असा मेसेज लिहिलाय:

«काका, घरावर ५२,८६० रुपये वीज आणि पाण्याची बाकी निघाली आहे. आमचं बजेट आधीच ताणलेलं आहे. तरी कृपया किंमत ५५ हजारांनी कमी करावी ही विनंती.»

पाठवू का? काही बदलायला हवं का?

भिंगरी

सोसायटीकडून ना हरकत दाखला मागा, त्यात मेंटेनन्स आणि पाणी दोन्हीची बाकी लिहून येते. दाखला नसेल तर नोंदणीला जाऊच नका. आमच्या फ्लॅटच्या वेळी सेक्रेटरीने तो दोन दिवसांत दिला होता.

शेवंती

भिंगरी, आभार, पण हे स्वतंत्र घर आहे, सोसायटी नाही. नळजोडणी थेट पालिकेची आहे आणि पाणीपट्टीचं खातं घरपट्टीपेक्षा वेगळं आहे.

रोखठोक

तुम्ही उगाच घाबरताय. जुन्या ग्राहकाची बाकी नव्या मालकाकडून वसूल करता येत नाही. करार त्याचा आणि कंपनीचा होता, तुमचा काय संबंध? वरच्या मजल्यासाठी तुमच्या नावाने नवीन कनेक्शनचा अर्ज करा, विषय संपला. आणि किंमत कमी करून घ्यायचीच असेल तर खरेदीखतात ६१,४५,००० लिहा. मुद्रांक शुल्कही थोडं वाचेल.

दस्तवाली

मी दस्त तयार करायचं काम बरीच वर्षं करते, म्हणून लिहिते. रोखठोक यांचं अर्धं बरोबर आहे. आपल्याकडे वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेनुसार आधीच्या मालकाची किंवा तिथे राहणाऱ्याची न भरलेली बाकी जागेवर बोजा म्हणून राहते आणि नव्या मालकाकडे येते. मात्र वारसाहक्काने मिळालेली जागा सोडली तर हा भार जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या बिलापुरता असतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये सांगितलंय की नियमात तशी तरतूद असेल तर जुनी बाकी भरेपर्यंत नवं कनेक्शन नाकारता येतं. म्हणजे वरच्या मजल्याचा अर्ज टाकलात की तोच पत्ता, तीच बाकी समोर येणार आणि सहा महिन्यांचा नियम तुम्हाला काउंटरवर उभं राहून मांडावा लागणार. तो मुद्दा कंपनीसमोर वापरायचा आहे, काकांसमोर नाही. काकांना तो सांगितलात तर ते म्हणतील, "मग तुम्हाला सहा महिन्यांचेच भरावे लागतील, तेवढेच देतो."

आता किंमत कमी करण्याबद्दल. हे करू नका. तुमचं साठेखत ६२ लाखांचं नोंदलेलं आहे आणि बँकेने त्यावरच कर्ज मंजूर केलंय. आठवडाभर आधी किंमत बदलली की बँक फाइल पुन्हा तपासायला घेईल आणि नोंदणीची तारीख जाईल. मुद्रांक शुल्काचं म्हणाल तर ते ठरलेली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांतलं जे जास्त असेल त्यावर लागतं, आणि ते बहुतेक साठेखतालाच भरून झालेलं असतं. त्यामुळे वाचण्यासारखं काही नाही.

किंमत तशीच ठेवा, पैसे देण्याची पद्धत बदला. बँकेचा डीडी काकांच्या नावाने निघणार, त्यातून काही कापता येत नाही. कापता येण्याजोगे पैसे म्हणजे तुमच्याकडे उरलेले साडेतीन लाख. बाकी तुम्ही काकांच्या वतीने भरायची आणि त्यांना उरलेले २,९७,१४० द्यायचे. खरेदीखताच्या भरण्याच्या तपशिलात ही रक्कम "विक्रेत्याच्या सांगण्यावरून, त्यांच्या वतीने भरली" अशी पावती क्रमांकासह लिहायची. टीडीएस मात्र पूर्ण ६२ लाखांवरच कापायचा. थकबाकी वळती केली म्हणून तो कमी होत नाही.

कडुनिंब

माझ्या वेळी विक्रेत्याने "मी भरतो" म्हणून पावतीही पाठवली. मी निश्चिंत झालो. ताबा घेतल्यावर कळलं की ती हप्त्याची पावती होती, पूर्ण बाकीची नव्हे. तेव्हा पावतीवर जाऊ नका. भरल्यावर काही दिवसांनी त्याच ग्राहक क्रमांकावर बाकी शून्य दिसते का ते स्वतः पाहा, आणि पाण्यासाठी पालिकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. नळाचं नाव बदलताना तो तसाही मागतात.

अजून एक. चालू बिल ४,१८० आहे ते प्रत्यक्ष रीडिंगचं आहे की सरासरीचं? बंद घरांना सरासरी बिलं येत राहतात.

शेवंती

कडुनिंब, बरं झालं विचारलंत. आत्ता फोटो काढून बघितलं. बिलावर मागचं आणि चालू रीडिंग दोन्हीकडे ५८७० आहे, रीडिंग मिळालं नाही असा शेरा आहे. मीटरवर ६४१२ दिसतंय. म्हणजे ५४२ युनिटचा फरक पुढच्या बिलात येणार?

कडुनिंब

येणार. सरासरीपोटी भरलेले पैसे त्यातून वजा होतील, पण उरलेलं तुमच्याच माथी. वीज कंपनीला आजचं रीडिंग फोटोसह कळवून बिल दुरुस्त करून मागा. ॲपमधून ग्राहकाला स्वतः रीडिंग पाठवता येतं, काकांच्या लॉगिनमधून करावं लागेल. ताब्याच्या दिवशी पुन्हा फोटो काढा.

दस्तवाली

हेही मेसेजमध्ये घाला. आणि "आमचं बजेट ताणलंय" हे वाक्य काढा. तुम्ही सवलत मागत नाही आहात. साठेखतात बहुधा एक कलम असेल की ताब्यापर्यंतचे सगळे कर, वीजबिल, पाणीपट्टी विक्रेत्याने भरायची. ते शोधून त्याचा क्रमांक लिहा. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही विक्रीपर्यंतची सार्वजनिक देणी विक्रेत्याने भरायची असं आहे, पण भाडेकरूचं वीजबिल त्यात बसतं का यावर वाद घालता येतो. कलमावर घालता येत नाही. ५५ हजारांचा गोल आकडाही नको. जितकी बाकी तितकीच मागा, नाहीतर बोलणं घासाघीस होऊन बसतं.

शेवंती

कलम ९ मध्ये अगदी तसंच आहे! सगळ्यांचे मनापासून आभार. नवा मेसेज असा लिहिलाय:

«काका, नमस्कार. खरेदीखताची तयारी करताना घराच्या वीज आणि पाण्याच्या खात्यांची चौकशी केली. तीन ठिकाणी बाकी दिसते: तळमजल्याचं बिल ४,१८० रुपये, वरच्या मजल्याचं जुनं बंद कनेक्शन ३१,४६० रुपये आणि पाणीपट्टी १७,२२० रुपये, मिळून ५२,८६० रुपये. तिन्हींचे फोटो सोबत पाठवते. वरचं कनेक्शन भाडेकरूंच्या वेळचं आहे आणि तुमच्या लक्षात राहिलं नसेल, हे मी समजू शकते.

साठेखताच्या कलम ९ प्रमाणे ताब्यापर्यंतची देणी तुमच्याकडे आहेत. ठरलेली किंमत बदलायची नाही. तुम्ही नोंदणीआधी भरून पावत्या पाठवल्यात तर उत्तमच. धावपळ नको असेल तर तुमच्या वतीने मी भरते आणि त्या दिवशी द्यायच्या साडेतीन लाखांतून तेवढे वळते करून २,९७,१४० रुपये देते. पावत्यांचा उल्लेख खरेदीखतात येईल.

तळमजल्याचं बिल सरासरीचं आहे, मीटर पुढे गेला आहे. रीडिंग कळवून बिल दुरुस्त झालं की त्याप्रमाणे आकडा बदलू, कमी झाला तर कमी. दोन्हींपैकी कोणता मार्ग बरा ते याच मेसेजवर लिहून कळवाल का? संध्याकाळी फोनही करते.»

दस्तवाली

पाठवा. "लिहून कळवा" हे चांगलं केलंत. त्यांचं "मान्य" आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. व्यवहार पुढे गेला नाही तर दुसऱ्याची बाकी तुम्ही स्वखुशीने भरली असं होईल. फरकाचे पैसे रोख देण्या-घेण्याची गोष्ट कोणी काढली तर नाही म्हणा.

रोखठोक

बँकेचा मुद्दा पटला. पण सहा महिन्यांपलीकडची बाकी काकांनी तरी का भरावी? कंपनी ती कोणाकडूनच घेऊ शकणार नसेल तर ३१ हजार फुकट जातील.

दस्तवाली

नव्या मालकाकडून घेऊ शकत नाही, जुन्याकडून घेऊ शकते. पण प्रश्न रास्त आहे. कायम खंडित कनेक्शनांसाठी अधूनमधून अभय योजना येते, त्यात व्याज आणि विलंब आकार माफ होतो. सध्या चालू आहे का ते काकांनी उपविभागीय कार्यालयात विचारावं, त्यांचाच फायदा होईल.

शेवंती

उत्तर आलं. पाणी आणि तळमजला मान्य, वळते करून घ्या म्हणाले. वरच्या मजल्याबद्दल म्हणतात, "कनेक्शन भाडेकरूच्या नावावर होतं, मी सही केलेली नाही, मी का भरू?" रागावले नाहीत, पण अडून बसलेत. आता?

दस्तवाली

कलम ९ मध्ये "विक्रेत्याने वापरलेली" असं आहे की "सदर मिळकतीवरील"?

शेवंती

"सदर मिळकतीसंबंधीची सर्व देणी."

दस्तवाली

मग नाव कोणाचं याने फरक पडत नाही. तरी वाद नको असेल तर मधला मार्ग सुचवा: ३१,४६० रुपये तुम्ही राखून ठेवायचे, खरेदीखतात तसं लिहायचं, आणि काकांनी ठरावीक मुदतीत, समजा तीन महिन्यांत, कंपनीकडून बाकी कमी करून घेतली तर उरलेली रक्कम त्यांना परत. मुदतीत काही झालं नाही तर तुम्ही भरून मोकळ्या. फक्त बँकेच्या वकिलांना हा मसुदा आधी दाखवा. पैसे पूर्ण मिळाले असं विक्रेत्याने लिहून दिल्याशिवाय काही बँका डीडी सोडत नाहीत.

कडुनिंब

आमच्या बँकेने असं राखून ठेवणं चालवून घेतलं नव्हतं. उद्या सकाळी पहिला फोन बँकेला करा, काकांना नंतर.