मदत हवी आहे: सोसायटीचा दुभाषी निरोप व्हॉट्सॲपवर की ईमेलवर?

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या आमच्या सोसायटीचे निरोप मी मराठी आणि इंग्रजीत पाठवते. दोन टोकं स्पष्ट आहेत. "उद्या १० ते २ पाणी बंद, टाकी साफ करणार" हे दोन्ही भाषांत चार ओळींत मावतं, दुपारनंतर त्याचं कामही संपतं, म्हणून ते ग्रुपवर. वार्षिक सभेची सूचना मात्र पूर्ण १४ दिवस आधी जायला हवी, त्यात सूचनेचा आणि सभेचा दिवस धरत नाहीत. उद्या कुणी हरकत घेतली तर तारीख दाखवता यावी म्हणून ती विषयपत्रिकेसह ईमेलवर.

अडतं ते मधल्या निरोपांपाशी. आता रंगकामाची वर्गणी घ्यायची आहे: दोन हप्ते, शेवटच्या तारखा, खाते क्रमांक. ग्रुपवर टाकलं तर वर मराठी, खाली इंग्रजी असा लांब मजकूर होतो आणि "आणखी वाचा"च्या खाली इंग्रजी पूर्ण झाकलं जातं. मग आमचे तमिळ शेजारी मराठी पाहून पुढे जातात. दोन वेगळे मेसेज केले तर तारीख बदलल्यावर एकच दुरुस्त व्हायची भीती. ईमेल ज्येष्ठ मंडळी उघडतच नाहीत, त्यांना छापील प्रत द्यावी लागते.

सध्या विचार असा आहे की सविस्तर ईमेल पाठवायचा आणि ग्रुपवर फक्त रक्कम, तारीख व "तपशील ईमेलवर" एवढंच दोन्ही भाषांत लिहायचं. तुमच्याकडे हे चालतं का? आणि रकमेचा उल्लेख ग्रुपवर करावा का, की त्यावरूनच तिथे वाद सुरू होतात?